मानसशास्त्राच्या डिसर्टेशनचा साहित्य आढावा: पार्श्वभूमीपासून परिकल्पनेपर्यंत

साहित्य आढाव्याच्या कच्च्या प्रतीवर मार्गदर्शकांचा एक शेरा हमखास येतो: "वर्णन खूप, युक्तिवाद नाही." विद्यार्थी मग आणखी दहा संदर्भ शोधून आणतो आणि आढावा तेवढाच लांबतो. शेरा मात्र पुढच्या प्रतीवरही तसाच राहतो. कारण दोष लिहिण्याच्या क्रमात असतो. आधी वाचलं, मग वाचलेल्याचा सारांश लिहिला आणि शेवटच्या पानावर अचानक एक परिकल्पना मांडली, असं झालं की वाचणाऱ्याला ती कुठून आली हे कळत नाही.

हा लेख प्रश्नावलीवर आधारलेल्या, परिमाणात्मक डिसर्टेशनसाठी आहे. सगळे टप्पे एकाच उदाहरणावर करून दाखवले आहेत. विषय आहे झोपेची चालढकल: माणसाला झोपायला जायचं असतं, कुणी अडवतही नसतं, तरी तो जात नाही. विद्यार्थ्याला या सवयीचा भावनिक नियमनाशी संबंध तपासायचा आहे.

## पूर्वतयारी: लिहिण्याआधी हाताशी काय हवं

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या विभागाची नियमावली. आढाव्याची शब्दमर्यादा, संदर्भ देण्याची पद्धत (बहुतेक ठिकाणी एपीएची सातवी आवृत्ती) आणि शून्य परिकल्पना वेगळी लिहायची की नाही, या तीन गोष्टी तिथून टिपून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे मापन्यांची यादी. आढावा लिहायच्या आधी मापन्या कशाला, असं वाटेल. पण भावनिक नियमन या एका नावाखाली मानसशास्त्रात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. तुम्ही नेमकं काय मोजणार हे ठरल्याशिवाय कोणते अभ्यास तुमच्या कामाचे आहेत हे ठरवता येत नाही. आपल्या उदाहरणात चार मापन्या आहेत:

- झोपेच्या चालढकलीसाठी क्रोसे आणि सहकाऱ्यांची २०१४ मधली ९ विधानांची मापनी
- भावनिक नियमनातल्या अडचणींसाठी ग्रॅट्झ आणि रोमर यांची २००४ मधली ३६ विधानांची मापनी, जिच्यात सहा उपमापन्या आहेत
- आत्मनियंत्रणासाठी टँगनी, बाउमायस्टर आणि बून यांची २००४ मधली १३ विधानांची संक्षिप्त मापनी
- क्रोनोटाइपसाठी, म्हणजे माणूस सकाळी जास्त ताजातवाना असतो की रात्री यासाठी, हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांच्या १९७६ च्या प्रश्नावलीची छोटी आवृत्ती

सावधान: दुसऱ्याच्या लेखात वाचलेला निष्कर्ष मूळ लेख न वाचता उद्धृत करू नका. गोषवाऱ्यावर भागवू नका. नमुना कोणता होता, कोणती मापनी होती, आणखी कोणते चल विश्लेषणात धरले होते, हे गोषवाऱ्यात बहुधा नसतं आणि आढाव्यातला युक्तिवाद याच तपशिलांवर उभा राहतो.

## टप्पा १: कच्ची परिकल्पना आधी लिहा आणि तिचे तुकडे करा

आढावा वाचला जातो वरून खाली, पण त्याची आखणी खालून वर करायची असते. म्हणून सर्वांत आधी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा. ते नंतर बदलणार आहे, त्यामुळे भाषेची काळजी नको.

> ज्यांना भावना हाताळणं जड जातं, ते झोपेची चालढकल जास्त करतात. ते मुळात रात्री जागणारे आहेत किंवा त्यांचं आत्मनियंत्रण कमी आहे, एवढ्यानं हे पूर्ण स्पष्ट होत नाही.

आता या वाक्यावर विश्वास ठेवायला वाचकाला आधी काय काय पटायला हवं, ते एकेका ओळीत लिहा:

१. चालढकल हा आत्मनियंत्रणाचा प्रश्न आहे, तसाच तो भावनांशीही निगडित आहे.
२. झोपेची चालढकल ही चालढकलीचाच एक प्रकार आहे, ती वेळेच्या नियोजनातली साधी गफलत नव्हे.
३. आत्मनियंत्रणाचं स्पष्टीकरण खरं असलं तरी अपुरं आहे.
४. क्रोनोटाइप हे दुसरं तगडं स्पष्टीकरण आहे, त्याला वगळून पुढे जाता येणार नाही.
५. भावनिक नियमनाचा संबंध असावा असं मानायला काही पुरावा आहे, पण तो अर्धवट आहे.

ही पाच वाक्यं म्हणजे तुमच्या आढाव्याचा सांगाडा. यांना आपण दुवे म्हणू. यांतल्या एकाही दुव्याला मदत न करणारा संदर्भ कितीही गाजलेला असला तरी आढाव्यात येत नाही. विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाते ती ही काटछाट, कारण आठवडाभर वाचलेला लेख बाजूला ठेवायला मन धजत नाही.

तपासा: परिकल्पनेतला प्रत्येक चल कोणत्या ना कोणत्या दुव्यात आला आहे का? क्रोनोटाइप विश्लेषणात धरणार असाल आणि आढाव्यात त्याचा उल्लेखच नसेल, तर तो कुठून आला असं परीक्षक विचारणारच.

## टप्पा २: शोध घ्या, आणि नोंदी दुव्यांप्रमाणे ठेवा

शोध दुव्यागणिक वेगळा घ्या. नुसतं `procrastination` टाकलं तर हजारो लेख समोर येतील आणि निवड नशिबावर सोडावी लागेल. PsycINFO किंवा PubMed मध्ये पाचव्या दुव्यासाठीचा शोध असा असेल:

```
"bedtime procrastination" AND ("emotion regulation"
OR "mood regulation" OR "self-compassion")
```

शोध घेतल्याची तारीख, डेटाबेसचं नाव आणि शोधाची ओळ जशीच्या तशी वहीत उतरवून ठेवा. "या विषयावर फारसं संशोधन नाही" असं पुढे लिहायची वेळ येईल तेव्हा त्यामागे हीच नोंद उभी असेल.

प्रत्येक दुव्यासाठी आधी मेटा-विश्लेषण किंवा पद्धतशीर आढावा आहे का ते पाहा. झोपेच्या चालढकलीवर हिल आणि सहकाऱ्यांचं २०२२ मधलं मेटा-विश्लेषण आहे. त्यात आत्मनियंत्रणाशी उणे ०.४ च्या आसपास आणि संध्याकाळच्या क्रोनोटाइपशी अधिक ०.४ च्या आसपास सहसंबंध आढळला. असं एक मेटा-विश्लेषण हाती लागलं की त्या दुव्यासाठी आठ स्वतंत्र अभ्यासांचं वर्णन करावं लागत नाही. एकूण चित्र त्यातून द्यायचं आणि मुद्द्याला थेट भिडणारे दोनच अभ्यास जवळून दाखवायचे.

आता नोंदींचा तक्ता. बहुतेक जण त्यात लेखक, वर्ष, नमुना, निष्कर्ष असे स्तंभ करतात. तसा तक्ता समोर ठेवून लिहिलं की परिच्छेदही "अमुक यांना असे आढळले, तमुक यांना तसे आढळले" असेच उतरतात. त्यात आणखी तीन स्तंभ घाला: हा लेख कोणत्या दुव्याला लागतो, तो दुव्याला बळ देतो की त्याच्या विरोधात जातो, आणि आपल्या प्रश्नापुरतं त्यात काय राहून गेलं. तिसरा स्तंभ भरायला वेळ लागतो, पण तुमचा रॅशनल, म्हणजे हाच अभ्यास का याचं उत्तर, त्यातूनच निघणार आहे.

सावधान: विरोधात जाणारा पुरावा दिसला की तो लेख बंद करायचा मोह होतो. तसं करू नका. स्टील यांच्या २००७ च्या मेटा-विश्लेषणात चालढकलीचा आवेगीपणाशी आणि कर्तव्यदक्षतेच्या अभावाशी ठळक संबंध दिसला, पण न्यूरॉटिसिझमशी, म्हणजे सतत नकारात्मक भावना वाटण्याच्या प्रवृत्तीशी, जेमतेमच. आपल्या पहिल्या दुव्याला हा निकाल अडचणीचा आहे. तो तक्त्यात ठेवा. पाचव्या टप्प्यात तोच सर्वांत कामाला येईल.

## टप्पा ३: उतरता क्रम आणि शब्दांची वाटणी

दुवे रुंदीप्रमाणे लावा. वर सगळ्या चालढकलीबद्दलचा, त्याखाली झोपेच्या चालढकलीबद्दलचा, मग तिच्या दोन प्रस्थापित स्पष्टीकरणांचे आणि तळाशी तुमचा नवा मुद्दा. वरच्या यादीतला क्रम हाच आहे.

खरी घसरण होते शब्दांच्या वाटणीत. पहिल्या कच्च्या प्रतीत निम्मी जागा चालढकलीच्या व्याख्यांत आणि झोपेच्या महत्त्वात जाते. ज्या भागावर परीक्षक गुण देतात तो शेवटच्या भावनिक नियमनाच्या चर्चेचा भाग दीड परिच्छेदात आटोपतो. आढावा २५०० शब्दांचा असेल तर अंदाजे अशी वाटणी धरा: सर्वसाधारण पार्श्वभूमीला ३०० ते ३५०, झोपेच्या चालढकलीची ओळख आणि व्याख्येला ३५०, आत्मनियंत्रणाला ४५०, क्रोनोटाइपला ३५०, भावनिक नियमनाला ६५० आणि उरलेले रॅशनल व परिकल्पनेला. आकडे थोडे मागेपुढे झाले तर चालेल, पण खाली जाताना विषय अरुंद होत जावा आणि चर्चा खोल होत जावी.

सुरुवात किती रुंद असावी याची एक सोपी कसोटी आहे. पहिल्या परिच्छेदात तुमच्या मुख्य चलाचं किंवा त्याच्या थेट वरच्या प्रकाराचं नाव आलं पाहिजे. "झोप ही मानवाची मूलभूत गरज आहे" या वाक्यापासून झोपेच्या चालढकलीपर्यंत यायला दोन पानं लागतात, आणि त्या दोन पानांतलं काहीही पुढे वापरलं जात नाही. आपल्या उदाहरणात पहिलं वाक्य चालढकलीवरच हवं.

तपासा: आढाव्यातले पहिले ३०० शब्द पूर्ण झाकून बाकीचं वाचा. काहीच अडलं नाही, तर ते शब्द अनावश्यक आहेत.

## टप्पा ४: परिच्छेद दाव्यापासून सुरू करा

या टप्प्यावर सगळ्यांत जास्त वेळ द्या. आत्मनियंत्रणाचा परिच्छेद बहुतेक कच्च्या प्रतींत असा दिसतो:

> क्रोसे आणि सहकारी (२०१४) यांनी झोपेची चालढकल आणि आत्मनियमन यांचा अभ्यास केला. त्यांना नकारात्मक सहसंबंध आढळला. काम्फोर्स्ट आणि सहकारी (२०१८) यांनी दिवसभरातील मोहांचा प्रतिकार आणि झोपेची चालढकल यांचा अभ्यास केला. त्यांना सकारात्मक संबंध आढळला. हिल आणि सहकारी (२०२२) यांनी मेटा-विश्लेषण केले. त्यांना आत्मनियंत्रणाशी नकारात्मक संबंध आढळला.

यात चुकीचं एकही वाक्य नाही, तरी वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं काय हे कळत नाही. प्रत्येक वाक्याचा कर्ता संशोधक आहे. वाक्यांची अदलाबदल केली तरी अर्थात फरक पडत नाही. परिच्छेदात युक्तिवाद नसल्याची ही पक्की खूण आहे.

आता तेच तीन संदर्भ आणि एक नवा संदर्भ घेऊन दाव्यापासून सुरुवात करू:

> झोपेच्या चालढकलीचे सर्वाधिक तपासलेले स्पष्टीकरण म्हणजे आत्मनियंत्रणाचा अभाव. ही संकल्पना मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासातच आत्मनियमनाचे गुण कमी असलेल्यांमध्ये अशी चालढकल अधिक दिसली (क्रोसे आणि सहकारी, २०१४), आणि नंतरच्या मेटा-विश्लेषणातही हा संबंध मध्यम तीव्रतेचा असल्याचे आढळले (हिल आणि सहकारी, २०२२). मात्र हा संबंध का असावा, याबाबत मतभेद आहेत. एक मत असे की दिवसभर मोह आवरून रात्रीपर्यंत आत्मनियंत्रणाची शक्ती संपते. दिवसा अधिक मोह आवरणारे लोक रात्री अधिक चालढकल करतात, हा निष्कर्ष त्याला धरून आहे (काम्फोर्स्ट आणि सहकारी, २०१८). परंतु ही शक्ती वापराने संपते या गृहीताची २३ प्रयोगशाळांत एकाच पद्धतीने पुनर्तपासणी झाली तेव्हा परिणाम जवळपास शून्य आला (हॅगर आणि सहकारी, २०१६). त्यामुळे थकलेले आत्मनियंत्रण हे पुरेसे स्पष्टीकरण मानता येत नाही, आणि रात्री माणूस नेमके काय टाळतो किंवा काय मिळवू पाहतो हा प्रश्न उरतो.

बदल नीट पाहा. पहिलं वाक्य दावा करतं आणि त्यात एकाही संशोधकाचं नाव नाही. संशोधक कंसात गेले आहेत, वाक्याचा कर्ता कल्पना झाली आहे. "मात्र" आणि "परंतु" ही उभयान्वयी अव्ययं दोन अभ्यासांमधलं नातं सांगतात. आणि शेवटचं वाक्य पुढच्या भागासाठी एक प्रश्न सोडून जातं. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी असा प्रश्न उरला की उपशीर्षकांची फारशी गरज पडत नाही.

पुनर्तपासणीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आत्मनियंत्रणाची शक्ती वापरल्याने कमी होते हा सिद्धांत १९९८ च्या बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांपासून पाठ्यपुस्तकांत आहे. केवळ त्या प्रयोगांच्या आधारे आढावा लिहिला, तर २०१६ नंतरचं वाचलेलं नाही हे परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. कोणत्याही गाजलेल्या परिणामाचं नाव लिहिण्याआधी त्याच्यापुढे `replication` हा शब्द टाकून एकदा शोधा.

तपासा: प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य एका वेगळ्या फाइलमध्ये चिकटवा. ती वाक्यं सलग वाचून युक्तिवाद समजला पाहिजे. एखादं वाक्य संशोधकाच्या नावाने सुरू होत असेल तर तो परिच्छेद बहुधा पुन्हा लिहावा लागेल.

## टप्पा ५: टीका करा, पण जिच्यातून काही निघतं तीच

"नमुना लहान होता", "अभ्यास एकाच देशातला होता", "स्व-अहवाल वापरला होता" ही वाक्यं जवळजवळ कोणत्याही अभ्यासाला चिकटवता येतात, आणि म्हणूनच त्यांचं वजन पडत नाही. शिवाय तुमचा स्वतःचा अभ्यासही बहुधा स्व-अहवालावरचाच असणार. ज्या दोषासाठी दुसऱ्याला धरलं तोच तुम्ही करणार असाल, तर ती टीका तुमच्यावरच उलटते.

उपयोगी टीकेला दोन भाग असतात: अभ्यासात काय राहिलं, आणि त्यामुळे कोणता निष्कर्ष काढता येत नाही. दुसरा भाग लिहिता येत नसेल तर पहिलाही लिहू नका. क्रोसे आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास ऑनलाइन सहभागींवर एकाच वेळी केलेली पाहणी होती. नुसतं एवढं लिहून भागत नाही. पुढे असं यायला हवं: एकाच वेळी मोजल्यामुळे आत्मनियमन कमी म्हणून झोपायला जाणं लांबतं, की झोप अपुरी म्हणून आत्मनियमन कमी पडतं, हे त्यातून ठरवता येत नाही. आणि तुमचीही पाहणी एकाच वेळची असेल, तर दिशेचा हा प्रश्न तुम्हालाही सुटणार नाही. मग ती उणीव तुमच्या अभ्यासाचं कारण म्हणून पुढे करू नका.

आता स्टील यांचा अडचणीचा निकाल. सिरॉय आणि पिचिल यांनी २०१३ मध्ये असं मांडलं की चालढकल म्हणजे आत्ताचा मूड सावरण्यासाठी पुढच्या हिताचा बळी देणं. पण स्टील यांच्या मेटा-विश्लेषणात नकारात्मक भावनांच्या प्रवृत्तीशी संबंध क्षीण होता. दोन्ही कसं खरं असेल? न्यूरॉटिसिझम म्हणजे भावना किती वेळा आणि किती तीव्रतेनं येतात. भावनिक नियमनातली अडचण म्हणजे त्या आल्यावर माणसाला त्यांचं काय करता येतं. एखाद्याला चिंता वारंवार वाटते, पण ती बाजूला ठेवून तो वेळेवर निजतो. दुसऱ्याला ती क्वचितच वाटते, पण वाटली की फोन हातातून सुटत नाही. चालढकलीशी दुसऱ्या गोष्टीचा संबंध असेल, तर केवळ पहिली मोजणाऱ्या अभ्यासांत संबंध क्षीणच दिसेल.

हे स्पष्टीकरण बरोबर आहे की नाही हे अजून कुणी ठरवलेलं नाही, तुम्ही ते तपासणार आहात. विरोधी पुराव्यापासून तपासता येण्याजोग्या विधानापर्यंत येणं, हीच आढाव्यातली खरी टीका. माझ्या मते सबंध प्रकरणात असा एक परिच्छेद नीट जमला, तर बाकीचे थोडे साधे राहिले तरी चालतात.

सावधान: अशा ठिकाणी "यावरून सिद्ध होते" लिहू नका. "यावरून असे मानता येईल", "याचे एक संभाव्य कारण असे" हीच भाषा इथे अचूक आहे.

## टप्पा ६: रॅशनल

रॅशनल म्हणजे हाच अभ्यास का आणि याच पद्धतीने का, याचं उत्तर. तो एक किंवा दोन परिच्छेदांचा असतो आणि त्यात नवीन संदर्भ शक्यतो येत नाही. इथे नवा मुद्दा सुचला तर तो वर कुठल्या दुव्यात बसतो ते पाहून तिथे हलवा.

सर्वांत घातक वाक्य म्हणजे "या विषयावर आजवर कोणीही संशोधन केलेले नाही." एक तर ते बहुतेक वेळा खोटं असतं आणि परीक्षक दोन मिनिटांत ते खोटं ठरवू शकतो. दुसरं असं की एखादी गोष्ट कुणी केलेली नाही, एवढ्यावरून ती करायला हवी असं ठरत नाही. उणीव भरल्यावर कोणता वाद पुढे सरकतो ते सांगावं लागतं.

आपल्या उदाहरणात उणीव अशी आहे. सिरॉय, नॉट्स आणि मोल्नार यांनी २०१९ मध्ये झोपेच्या चालढकलीकडे भावनिक नियमनाच्या बाजूने पाहिलं. स्वतःशी करुणेनं वागणारे लोक अशी चालढकल कमी करतात आणि या नात्यात नकारात्मक भावनांचा वाटा असतो, असं त्यांना दिसलं. पण स्व-करुणा ही एक हितकारक वृत्ती आहे. भावनांचा स्वीकार न करता येणं, अस्वस्थ असताना ध्येयाला धरून न राहता येणं, आवेग न आवरणं अशा अडचणी तिच्यात थेट मोजल्या जात नाहीत. शिवाय रात्री जागणाऱ्या माणसाला उशिरापर्यंत झोपच येत नसेल, तर त्याचे चालढकलीचे गुण भावनांशी संबंध नसतानाही वाढतील. म्हणून क्रोनोटाइप सोबत धरायला हवा. हे सगळं मिळून रॅशनल असा होईल:

> झोपेची चालढकल आत्मनियंत्रणाच्या अभावाशी आणि संध्याकाळच्या क्रोनोटाइपशी निगडित असल्याचे वर दिसले. परंतु चालढकल ही मूड सावरण्याची धडपड असेल, तर या दोहोंपलीकडे भावनिक नियमनातील अडचणींचा स्वतंत्र वाटा दिसायला हवा. स्व-करुणेवरील पुरावा या दिशेने जातो, मात्र त्यात नियमनातील अडचणी थेट मोजलेल्या नाहीत. प्रस्तुत अभ्यासात या अडचणी क्रोनोटाइप आणि आत्मनियंत्रण यांच्यासोबत एकाच विश्लेषणात मोजल्या जातील. स्वतंत्र संबंध आढळल्यास मूड-सावरण्याच्या स्पष्टीकरणाला बळ मिळेल. न आढळल्यास झोपेच्या चालढकलीपुरती त्याची व्याप्ती मर्यादित मानावी लागेल.

शेवटचं वाक्य बहुतेक विद्यार्थी लिहीत नाहीत. निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी काहीतरी कळणार आहे, हे ते वाक्य सांगतं. त्याचा दुसरा अर्धा भाग तुम्हाला लिहिता येत नसेल, तर परिकल्पना नीट तपासता येण्याजोगी नाही असं समजा आणि पहिल्या टप्प्यावर परत जा.

सावधान: हा नमुना जसाच्या तसा उचलू नका. "थेट मोजलेल्या नाहीत" यासारखा दावा करण्याआधी दुसऱ्या टप्प्यातला शोध पुन्हा एकदा, लिहिण्याच्या आठवड्यात, घ्या. तसा अभ्यास दरम्यान आलेला असेल तर त्याला आढाव्यात जागा द्या आणि तुमचा अभ्यास त्याच्यापेक्षा कुठे वेगळा आहे ते लिहा.

## टप्पा ७: परिकल्पना

कच्चं वाक्य आता नीट लिहायचं. मुख्य परिकल्पना एक किंवा फार तर दोन ठेवा. सहा उपमापन्यांसाठी सहा परिकल्पना केल्या तर प्रत्येकीचा युक्तिवाद आढाव्यात यायला हवा, आणि तेवढी जागा तुमच्याकडे नसते.

> परिकल्पना १: आत्मनियंत्रणाचे गुण जितके कमी आणि क्रोनोटाइप जितका संध्याकाळकडे झुकलेला, तितके झोपेच्या चालढकलीचे गुण अधिक असतील.
> परिकल्पना २: आत्मनियंत्रण आणि क्रोनोटाइप यांचा वाटा लक्षात घेतल्यानंतरही, भावनिक नियमनातील अडचणींचे गुण जितके अधिक, तितके झोपेच्या चालढकलीचे गुण अधिक असतील.

पहिली परिकल्पना आधीचा निष्कर्ष तुमच्या नमुन्यातही येतो का ते पाहते, दुसरी नवं विचारते. दोन्हींत दिशा स्पष्ट आहे. "संबंध असेल" एवढंच लिहायचं असतं, तर आढाव्यातल्या अर्ध्या युक्तिवादाची गरजच नव्हती. क्रियापदांकडेही लक्ष द्या. पाहणीवर आधारलेल्या अभ्यासात "परिणाम करते", "मुळे होते", "वाढवते" ही क्रियापदं चालत नाहीत, कारण एकाच वेळी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून कारण ठरत नाही. "सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय" हे शब्द परिकल्पनेत नकोत, त्यांची जागा विश्लेषणाच्या प्रकरणात आहे.

मापनीची दिशाही इथेच तपासा. हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांच्या प्रश्नावलीत गुण जास्त म्हणजे माणूस सकाळचा. त्यामुळे पहिल्या परिकल्पनेत क्रोनोटाइपशी येणारा सहसंबंध उणे चिन्हाचा असेल. परिकल्पना शब्दांत बरोबर लिहूनही निकालाच्या प्रकरणात चिन्ह पाहून ती फेटाळली गेल्याचं लिहिणं, ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते.

## टप्पा ८: उलट तपासणी

पूर्ण आढावा दोन दिवस बाजूला ठेवा. मग शेवटच्या ओळीपासून वर जा. दुसऱ्या परिकल्पनेतला प्रत्येक शब्द अधोरेखित करा आणि समासात लिहा की तो आढाव्यात पहिल्यांदा कोणत्या परिच्छेदात आला. "आत्मनियंत्रण" चौथ्या परिच्छेदात, "क्रोनोटाइप" सहाव्यात, "अडचणी" आठव्यात, "अधिक" ही दिशा नवव्यात, असं प्रत्येकाचं उत्तर मिळायला हवं. "लक्षात घेतल्यानंतरही" या दोन शब्दांचं मूळ बहुतेक वेळा सापडत नाही. ते सापडलं नाही, तर क्रोनोटाइपच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य पुन्हा लिहा.

नंतर उलट दिशेने जा: प्रत्येक परिच्छेदापुढे तो परिकल्पनेतल्या कोणत्या शब्दासाठी आहे ते लिहा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता आलं नाही तो परिच्छेद कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. त्यातला एखादा संदर्भ चर्चेच्या प्रकरणात निकालाचा अर्थ लावताना उपयोगी पडू शकतो.

शेवटी संज्ञा तपासा. एकाच गोष्टीला एका पानावर आत्मनियमन, दुसऱ्यावर आत्मनियंत्रण आणि तिसऱ्यावर इच्छाशक्ती म्हटलं असेल, तर वाचक तीन चल समजतो. मूळ अभ्यासाने वेगळी संज्ञा वापरली असेल तिथे ती ठेवा, पण तुमच्या अभ्यासातल्या चलाचं नाव पहिल्या उल्लेखापासून परिकल्पनेपर्यंत आणि पुढे निकालाच्या तक्त्यांतही एकच असू द्या.